डिलिव्हरी वारंवार उशिरा जातेय? फिशबोन डायग्राम काढायची नेमकी पद्धत

बऱ्याच छोट्या व्यवसायांत फिशबोन असा काढला जातो: दोन-चार ऑर्डर उशिरा गेल्या, कस्टमर चिडला, मालकाने सगळ्यांना बोलावलं, व्हाइटबोर्डवर माशाचा सांगाडा काढला, डोक्यात लिहिलं "लेट डिलिव्हरी", सहा काट्यांवर माणसं, मशीन, माल, पद्धत वगैरे लिहिलं आणि अर्ध्या तासात बोर्ड भरला. मग त्याचा फोटो काढला आणि पुढच्या महिन्यात परत तेवढ्याच ऑर्डर उशिरा. चूक बहुतेक वेळा बोर्डवर होत नाही, बोर्डच्या आधी आणि बोर्डच्या नंतर होते. आधी आकडे काढलेले नसतात आणि नंतर कारणं तपासलेली नसतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. फिशबोन म्हणजे संशयितांची यादी. त्यावर एखादं कारण लिहिलं म्हणून ते सिद्ध होत नाही, आणि पाच जणांनी तेच लिहिलं म्हणूनही होत नाही.

समजायला सोपं जावं म्हणून शेवटपर्यंत एकच उदाहरण धरू. एक छोटं युनिट आहे, ९ माणसं, कस्टमरच्या मापाचे छापील बॉक्स बनवतात. ऑर्डर येते, डिझाइनचा प्रूफ म्हणजे छपाईआधीचा नमुना मंजूर होतो, पंचिंगची डाय म्हणजे बॉक्स कापायचा आणि घडी पाडायचा साचा बाहेरून बनून येतो, कागद येतो, छपाई होते, लॅमिनेशन बाहेर करून आणतात, मग पंचिंग, पेस्टिंग, पॅकिंग आणि गाडी. कस्टमरला ऑर्डर पक्की झाल्यापासून १२ दिवस सांगतात. आकडे उदाहरणापुरते घेतलेत, तुमचे वेगळे असतील, पण करायची पद्धत हीच.

## टप्पा १: "उशीर" म्हणजे काय ते आधी ठरवा

हे वाचून वाटेल त्यात काय ठरवायचं, पण एकाच ऑफिसात तीन जणांना विचारा, तीन उत्तरं येतील. डिस्पॅचवाला म्हणतो माल गेटबाहेर पडला की झालं. हिशोब बघणारा बिलाची तारीख धरतो. कस्टमर मात्र माल त्याच्या हातात पडला ती तारीख धरतो, आणि तोही पूर्ण माल, अर्धा नाही. आपण कस्टमरची तारीख धरायची. १००० पैकी ८०० नग वेळेवर गेले आणि २०० तीन दिवसांनी गेले तर ऑर्डर तीन दिवस उशिरा, विषय संपला.

दुसरं म्हणजे वायद्याची तारीख कुठली धरायची. कस्टमरला पहिल्यांदा सांगितलेली. मधे फोन करून "दोन दिवस पुढे जाईल हां" असं सांगितलं, तो "बरं" म्हणाला, आणि तुम्ही शीटमधे तारीख बदलली की तुमच्या रेकॉर्डमधे उशीर दिसणारच नाही, कस्टमरच्या डोक्यात मात्र तो राहतो. सुधारित तारखेसाठी वेगळा कॉलम करा पण पहिल्या तारखेला हात लावू नका.

> सावधान: जुन्या शीटमधे पहिली तारीख पुसली गेली असेल तर आठवणीने भरू नका. पहिला मेसेज, कोटेशन किंवा ऑर्डर कन्फर्मेशन शोधा. नाही सापडलं तर ती ऑर्डर बाजूला ठेवा आणि अशा किती निघाल्या ते लिहून ठेवा.

## टप्पा २: ऑर्डरची यादी

गेल्या तीन महिन्यांतल्या सगळ्या ऑर्डर घ्या, फक्त उशिरा गेलेल्या नाही. वेळेवर गेलेल्या कशाला घ्यायच्या असा प्रश्न नेहमी येतो. याचं उत्तर टप्पा ६ मधे मिळेल, आत्ता एवढंच सांगतो की त्यांच्याशिवाय कुठलंच कारण नीट तपासता येत नाही.

शीटमधे A मधे ऑर्डर नंबर, B मधे ऑर्डर पक्की झाल्याची तारीख, C मधे पहिली वायद्याची तारीख, D मधे सुधारित तारीख असल्यास, E मधे पूर्ण माल पोचल्याची तारीख. F मधे उशिराचे दिवस:

```
=MAX(0,IF(E2="",TODAY(),E2)-C2)
```

यातला `TODAY()` चा भाग गाळू नका. तो नसेल तर अजून न पोचलेल्या ऑर्डरचा E रिकामा असतो, उत्तर शून्य येतं आणि सगळ्यात जास्त रखडलेली ऑर्डर शीटमधे "वेळेवर" दिसते. F च्या कॉलमचं फॉरमॅट तारखेचं नाही ना, नंबरचं आहे ना, तेवढं बघा, नाहीतर दिवसांच्या जागी विचित्र तारखा दिसतील. मी इथे सुट्ट्या वजा करत नाहीये, कारण कस्टमर कॅलेंडरचे दिवस मोजतो.

आपल्या उदाहरणात ६० ऑर्डर निघाल्या, त्यातल्या २२ उशिरा. आता इथे थांबून लगेच मासा काढायला जाऊ नका. या २२ चे गट पाडून बघा: नवीन डिझाइन की रिपीट, मोठी की छोटी, लॅमिनेशनवाली की बिनलॅमिनेशनची, कुठला कस्टमर, महिन्याच्या सुरुवातीची की शेवटची. बहुतेक गटांत काही दिसणार नाही, पण एखाद्यात फरक एकदम डोळ्यात भरतो. आपल्याकडे तो असा दिसला:

- नवीन डिझाइनच्या २६ ऑर्डर, त्यातल्या १७ उशिरा
- रिपीट ३४ ऑर्डर, त्यातल्या ५ उशिरा

म्हणजे "आपल्याकडे डिलिव्हरी उशिरा होते" हे वाक्यच अर्धवट होतं. नवीन डिझाइनच्या ऑर्डर उशिरा होतात, रिपीट बऱ्यापैकी वेळेवर जातात, तीच माणसं, तेच मशीन आणि तीच गाडी वापरून.

## टप्पा ३: माशाचं डोकं लिहिणं

डोक्यात काय मोजलं, कुठे, किती आणि कधीपासून हे यायला पाहिजे, आणि कारण अजिबात यायला नको. आपलं डोकं असं होईल:

"गेल्या तीन महिन्यांत नवीन डिझाइनच्या २६ पैकी १७ ऑर्डर पहिल्या वायद्यानंतर पोचल्या, साधारण ५ दिवस उशिरा."

"साधारण" म्हणजे मी मधला आकडा घेतलाय, सरासरी नाही. १७ आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावले की नववा. एखादी ऑर्डर २५ दिवस रखडली असेल तर ती एकटी सरासरी वर ओढते आणि मग सगळे त्या एकाच ऑर्डरची कहाणी सांगत बसतात. शीटमधे यासाठी `MEDIAN` आहे.

चुकीची डोकी नेहमी अशी दिसतात: "लेट डिलिव्हरी" (किती, कुठल्या, काहीच कळत नाही), "प्लॅनिंग नसल्यामुळे उशीर" (कारण आधीच ठरवून टाकलं, आता मीटिंग कशाला), "डिलिव्हरी वेळेवर करणे" (हे तर ध्येय झालं, प्रॉब्लेम नाही).

> तपासा: डोक्यातलं वाक्य तुमच्या व्यवसायाबाहेरच्या कोणाला तरी वाचायला द्या. त्याने "म्हणजे किती?" किंवा "कुठल्या ऑर्डर?" असं विचारलं तर वाक्य अजून तयार नाही.

रिपीटच्या ५ उशिरा ऑर्डरचं काय? त्या आत्ता सोडा. त्यांची कारणं वेगळी असण्याची शक्यता जास्त आहे आणि दोन वेगळे प्रॉब्लेम एका माशावर बसवले की काटे गुंततात. नंतर हवा तर त्यांचा वेगळा मासा काढा.

## टप्पा ४: दिवस कुठे गेले ते काढा

माझ्या मते सगळ्यात जास्त मेहनत इथे लागते आणि लोक नेमका हाच टप्पा गाळतात. १२ दिवसांचा वायदा देताना प्रत्येक कामाला किती दिवस मनात धरले होते ते लिहा, आणि उशिरा गेलेल्या १७ ऑर्डरमधे प्रत्यक्षात किती लागले ते शोधा. तारखा चॅटमधे, बिलांवर, डायवाल्याच्या आणि लॅमिनेशनवाल्याच्या चलनावर असतात. एका माणसाची दुपार जाईल, जाऊ द्या.

| काम | धरलेले दिवस | उशिरा ऑर्डरमधे साधारण |
|---|---|---|
| डिझाइन मंजुरी | २ | ५ |
| डाय आणि कागद येणं | ३ | ४ |
| छपाई | २ | २ |
| लॅमिनेशन (जाऊन येणं) | २ | ३ |
| पंचिंग, पेस्टिंग | २ | २ |
| पॅकिंग आणि पोचवणं | १ | १ |

प्रत्येक ओळीत मधला आकडा असल्यामुळे बेरीज दरवेळी एकूण दिवसांशी तंतोतंत जुळेलच असं नाही, त्याची काळजी करू नका. बघायचं एवढंच की दिवस कुठे सांडतायत. इथे शॉपफ्लोअरवर, म्हणजे छपाई-पंचिंग-पेस्टिंगमधे, काहीच सांडत नाहीये. हे मीटिंगच्या आधी कळलेलं असलं की "माणसं हळू काम करतात" या विषयावर अर्धा तास जात नाही, आणि जी माणसं नीट काम करतायत त्यांना उगाच ऐकून घ्यावं लागत नाही.

> सावधान: प्रत्येक कामात दोन वेगळे वेळ असतात, प्रत्यक्ष कामाचा आणि पडून राहण्याचा. लॅमिनेशनचे ३ दिवस म्हणजे मशीनवर ३ दिवस नव्हे, काम कदाचित दोन तासांचं असेल आणि बाकी वेळ गठ्ठा कोपऱ्यात गाडीची वाट बघत पडलेला असेल. कारण शोधायचं ते बहुतेक वेळा पडून राहण्याचं.

## टप्पा ५: मीटिंग आणि मासा

कोण हवं. पाच ते सात जण. ऑर्डर घेणारा, डिझाइन करणारा, खरेदी बघणारा, मशीनवरचा एक, पॅकिंगचा एक आणि गाडी नेणारा. गाडीवाल्याला बोलवायचं राहून जातं, पण कस्टमरच्या दारात काय होतं हे त्याच्याशिवाय कोणाला माहीत नसतं. मालकाने खडू किंवा मार्कर हातात घ्यावा आणि स्वतःची मतं शेवटी सांगावीत, कारण तो आधी बोलला की बाकीचे त्याच्याच वाक्याची री ओढतात. सव्वा तास धरा.

काटे कुठले. पुस्तकी काटे म्हणजे माणसं, मशीन, माल, पद्धत, मोजमाप आणि परिस्थिती. एखादा नग खराब का निघतो हे शोधायला ते छान आहेत, पण उशीर कामाच्या वाटेवर साचत जातो त्यामुळे मी मोठे काटे कामाच्या टप्प्यांचेच घेतो: ऑर्डर घेणं, डिझाइन मंजुरी, डाय-कागद, छपाई-लॅमिनेशन, पंचिंग-पेस्टिंग, पोचवणं. पुस्तकी सहा नावं बाजूला लिहून ठेवा आणि शेवटी पाच मिनिटं त्यावरून नजर फिरवा, काही सुटलंय का बघायला.

मांडणी अशी: उजव्या टोकाला डोकं, तिथून डावीकडे आडवा कणा, कण्याला वरून तीन आणि खालून तीन तिरके काटे, कामाच्या क्रमाने डावीकडून उजवीकडे. प्रत्येक काट्याच्या टोकाला टप्प्याचं नाव आणि त्याखाली टप्पा ४ मधले दोन आकडे, उदाहरणार्थ "डिझाइन मंजुरी, धरले २, लागले ५".

आधी गप्प बसून लिहायचं. पहिली दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही, प्रत्येकाने चिठ्ठ्यांवर लिहायचं, एका चिठ्ठीवर एकच कारण. मग एकेकाने चिठ्ठी वाचून काट्यावर लावायची. त्यावर वाद नाही, "नाही नाही असं काही नसतं" नाही, नीट समजली नसेल तरच प्रश्न विचारायचा.

चिठ्ठीवर काय चालेल. कारण म्हणजे घडणारी गोष्ट, जी तारखेत, कागदावर किंवा डोळ्याने दिसू शकते. या चार प्रकारच्या चिठ्ठ्या परत लिहायला द्या:

- *"कम्युनिकेशन गॅप."* कोणी कोणाला काय, कधी सांगितलं नाही? "प्रूफ ऑर्डर देणाऱ्याला जातो, मंजूर दुसराच करतो" हे चालेल.
- *"सॉफ्टवेअर नाही."* हा उपाय आहे, उलटा करून कारण म्हणून लिहिलेला. सॉफ्टवेअर नसल्यामुळे नेमकं काय होतं ते लिहा.
- *"अमुक माणूस लक्ष देत नाही."* नाव काढा. त्याच्या जागी दुसरा बसवला तरी असंच होईल का, हा प्रश्न विचारा. होणार असेल तर कारण कामाच्या रचनेत आहे.
- *"माणसं कमी."* कुठल्या टप्प्यावर काम माणसासाठी थांबलं? आपल्या तक्त्यात पंचिंग-पेस्टिंगचे दिवस वाढलेच नाहीत, म्हणजे तिथे तरी ही चिठ्ठी टिकत नाही.

मग "का" विचारत छोटे काटे काढा. सगळ्या चिठ्ठ्यांवर नाही, जिथे दिवस सांडतायत तिथल्याच. आपल्या मंजुरीच्या काट्यावर असं झालं:

मंजुरीला ५ दिवस लागतात. का? प्रूफ दोन-तीन वेळा फिरतो. का? पहिला प्रूफ ज्याला जातो तो "छान आहे" म्हणतो आणि मग त्याचा वरचा माणूस बदल सांगतो. वरच्याला पहिल्यांदाच का जात नाही? कारण मंजुरी कोण देणार हे ऑर्डर घेताना कोणी विचारतच नाही, फॉर्मवर तशी जागाच नाही.

इथे थांबायचं. "पाच वेळा का" असा नियम लोक पाठ करतात, पण आकडा महत्त्वाचा नाही. जिथे तुमच्या हातातली, उद्या बदलता येण्यासारखी गोष्ट सापडली तिथे थांबा. त्याच्या पुढे विचारत गेलात तर "कस्टमरला शिस्त नाही" किंवा "मार्केटच तसं आहे" इथे पोचाल, त्याला कोणी काही करू शकत नाही.

डायच्या काट्यावर याहून जास्त कामाची गोष्ट सापडली. डाय उशिरा येते, का? ऑर्डरच उशिरा जाते. का? डिझाइन मंजूर झाल्यावरच डायची ऑर्डर द्यायची असा प्रघात आहे. पण डाय तर बॉक्सच्या मापावर आणि घडीवर बनते, वर काय छापायचंय याचा डायशी संबंध नाही! मग थांबतो का आपण? कारण छपाईच्या प्लेटची आणि डायची ऑर्डर एकाच मेलमधे द्यायची सवय आहे. मशीनवरच्या माणसाला हे खूप आधीपासून खटकत होतं, त्याला कोणी विचारलं नव्हतं.

> तपासा: प्रत्येक साखळी उलटी वाचा, मधे "म्हणून" घालून. "फॉर्मवर जागा नाही, म्हणून मंजुरी देणारा कळत नाही, म्हणून प्रूफ चुकीच्या माणसाला जातो, म्हणून तो परत फिरतो, म्हणून मंजुरीला ५ दिवस." कुठे "म्हणून" अडखळला तर तिथली एक पायरी सुटलीय किंवा कारण ओढून-ताणून लावलंय.

मीटिंग इथेच संपवा. मतदान घेऊन "टॉप तीन कारणं" निवडू नका. मतदानात सगळ्यांना माहीत असलेलं कारण जिंकतं, खरं कारण जिंकेलच असं नाही.

## टप्पा ६: कारणांची पडताळणी

आता प्रत्येक दमदार कारणासमोर एक प्रश्न लिहा: हे खरं असेल तर रेकॉर्डमधे काय दिसायला पाहिजे, आणि वेळेवर गेलेल्या ऑर्डरमधे काय दिसायला नको? वेळेवर गेलेल्या ऑर्डर यासाठीच ठेवल्या होत्या.

"मशीन सारखं बंद पडतं." चिठ्ठ्यांमधे सगळ्यात जास्त वेळा आलेलं कारण. खरं असेल तर मशीन बंद असलेले दिवस आणि उशिरा ऑर्डरच्या छपाईचे दिवस जुळले पाहिजेत. तीन महिन्यांत मशीन तीनदा बंद पडलं आणि १७ पैकी फक्त २ ऑर्डर त्यात सापडल्या. मशीन बंद पडलं की सगळ्यांची धावपळ होते म्हणून ते लक्षात राहतं, पण उरलेल्या १५ ऑर्डरबद्दल ते काहीच सांगत नाही. काट करा.

"लॅमिनेशनवाला लेट देतो." तक्त्यात २ चे ३ झालेत, म्हणजे खोटं नाही. पण वेळेवर गेलेल्या ९ नवीन ऑर्डर बघितल्या तर तिथेही ३ दिवस. रिपीटमधेही ३ दिवस. जी गोष्ट उशिरा आणि वेळेवर दोन्हीकडे सारखी आहे ती या दोघांतला फरक घडवू शकत नाही. रिपीटला मंजुरी आणि डाय लागत नाही, त्यामुळे तिथे शिल्लक दिवस असतात आणि लॅमिनेशनचा जादा दिवस त्यात जिरतो. म्हणजे हे कारण किरकोळ ठरलं. पण तिथे २ दिवस धरणं चुकीचं आहे, ३ धरायला हवेत, हे मात्र कळलं.

"प्रूफ चुकीच्या माणसाला जातो." चॅट उघडून बघितले. उशिरा गेलेल्या १७ पैकी ११ मधे शेवटची मंजुरी पहिल्या माणसाने दिलेली नव्हती, दुसऱ्याच कोणीतरी दिली होती. वेळेवर गेलेल्या ९ मधे असं फक्त २ मधे. फरक स्पष्ट आहे. हे ठेवा.

"डायची ऑर्डर मंजुरीनंतर जाते." इथे गंमत झाली. १७ पैकी १७ मधे असंच, आणि वेळेवरच्या ९ पैकी ९ मधेही असंच. मग लॅमिनेशनचा नियम लावून हेही काढून टाकायचं का? नाही, इथे जरा थांबून विचार करावा लागतो. ही कायमची मांडणी आहे, ती सगळ्या नवीन ऑर्डरवर लागू आहे आणि रिपीटवर अजिबात नाही, म्हणजे नवीन आणि रिपीटमधला फरक ती समजावते. एकटीने ती उशीर करत नाही, मंजुरी दोन दिवसांत झाली तर डाय वेळेत येते. पण मंजुरी रखडली की तो सगळा उशीर जसाच्या तसा पुढे ढकलला जातो कारण डाय तिच्या मागे रांगेत उभी आहे. मंजुरीने उशीर तयार होतो आणि या मांडणीने तो पुढे जातो. दोन्ही ठेवायची.

पडताळून झालं की माशावरच खुणा करा: बरोबर म्हणजे सापडलं, काट म्हणजे खोटं ठरलं, प्रश्नचिन्ह म्हणजे माहिती नाही. प्रश्नचिन्हांची लाज वाटू देऊ नका, त्यासाठी पुढच्या दोन-तीन आठवड्यांत तारीख नोंदवायला सुरुवात करा. उदाहरणार्थ लॅमिनेशनचा गठ्ठा तयार कधी झाला आणि निघाला कधी हे कुठेच लिहिलेलं नसेल तर आजपासून गठ्ठ्यावरच वेळ लिहा.

> सावधान: १७ आणि ९ हे लहान आकडे आहेत. ११ विरुद्ध २ सारखा ठळक फरक असेल तर पुढे जा, पण ९ विरुद्ध ४ असा काही असेल तर त्यावर जास्त विसंबू नका, अजून ऑर्डर जमू द्या.

## टप्पा ७: बदल करा, पण मोजता येतील एवढेच

आपल्याकडे दोन बदल ठरले. एक, ऑर्डर फॉर्मवर "अंतिम मंजुरी कोण देणार, नाव आणि नंबर" ही जागा, ती रिकामी असेल तर प्रूफचं काम सुरू करायचं नाही, आणि प्रूफ थेट त्या माणसाला. दोन, बॉक्सचं माप आणि घडी यांची मंजुरी छपाईच्या मंजुरीपासून वेगळी करायची, मापावर सही झाली की त्याच दिवशी डायची ऑर्डर.

कोण करणार, कधीपासून आणि कशावरून कळणार हे बदलाशेजारीच लिहा. पहिल्या बदलासाठी मंजुरीला लागलेले दिवस बघायचे, दुसऱ्यासाठी माप मंजुरी ते डाय ऑर्डर यातलं अंतर. "एकूण उशीर कमी झाला का" एवढंच बघितलं तर कुठल्या बदलाने काय झालं हे कळणार नाही.

> सावधान: याच वेळी वायद्याची पद्धत बदलू नका. "आता १२ दिवस मंजुरीपासून मोजू" असं केलं की शीटमधला उशीर रातोरात गायब होतो आणि कस्टमरला माल तेव्हाच मिळतो जेव्हा आधी मिळत होता. वायदा मंजुरीपासून द्यायचा निर्णय चुकीचा आहे असं नाही, कस्टमरला स्पष्ट सांगून जरूर घ्या, पण आधी हे बदल मोजून होऊ द्या, आणि ऑर्डर पक्की झाल्यापासून पोचेपर्यंतचे एकूण दिवस वेगळ्या कॉलममधे मोजणं कधीच सोडू नका.

## टप्पा ८: पुढच्या दहा ऑर्डर

पुढच्या १० नवीन डिझाइनच्या ऑर्डर निवड न करता, येतील तशा बघायच्या. आपल्या उदाहरणात १० पैकी ३ उशिरा गेल्या, मंजुरीला साधारण ३ दिवस लागले, डायची ऑर्डर माप मंजूर झाल्याच्या दिवशीच गेली. आधी २६ पैकी १७ होत्या, त्यामानाने बरं दिसतंय, पण दहा ऑर्डरवरून "प्रॉब्लेम संपला" म्हणता येत नाही, अजून वीस-पंचवीस होईपर्यंत मोजत राहायचं.

त्या ३ उशिरा ऑर्डर उघडून बघितल्या तर दोनमधे डाय बनून आली होती आणि मग माप चुकीचं निघालं, डाय परत बनवावी लागली, म्हणजे दिवसही गेले आणि डायचे पैसेही. हा प्रकार आधी फारसा होत नव्हता कारण मंजुरीच्या त्या लांबलेल्या दिवसांत कोणीतरी माप परत बघायचंच. म्हणजे डाय लवकर ऑर्डर करण्याची ही किंमत आहे, आणि ती माशावर लिहायला पाहिजे.

का चुकलं? कस्टमरने माप जुन्या कागदावरून कळवलं होतं, आत ठेवायची वस्तू कोणी हातात घेऊन मोजली नव्हती. मग फॉर्मवर अजून एक ओळ आली: "वस्तूचा नमुना मिळाला का, माप कोणी घेतलं". नमुना नसेल तर डाय जुन्या पद्धतीनेच, छपाईच्या मंजुरीनंतर, आणि अशा ऑर्डरला वायदा देतानाच तीन दिवस जास्त सांगायचे.

माशाचा तोच कागद परत काढा, डायच्या काट्यावर हा नवा छोटा काटा जोडा आणि शेजारी आजची तारीख टाका. काट मारलेली कारणंही पुसू नका, कशावरून काट मारली ते एका ओळीत तिथेच लिहा, म्हणजे सहा महिन्यांनी परत कोणी "मशीनमुळेच होतंय सगळं" म्हणालं तर त्याला "१७ पैकी २" ही ओळ दाखवता येईल आणि त्यानंतर मशीन खरंच जास्त बंद पडायला लागलं असेल तर तेही नव्या तारखांवरून तपासता येईल.